पाच किलो झिंगे आणले, भरले साडेतीन! बर्फाचं वजन नेमकं कसं काढायचं?

कढईवाली (लाखांदूर) | सोमवार, रात्री 9:50

मी घरून जेवणाच्या ऑर्डरी घेते. मागच्या शनिवारी एका गुरुजींच्या निवृत्तीची पार्टी होती, पन्नास ताटं. आपल्याकडे तळ्यातले बारके झिंगे मिळतात, पण त्यांना मोठे समुद्राचे झिंगे हवे होते, सोललेले, सावजी रश्शात. ताटाला 100 ग्रॅम धरले म्हणजे पाच किलो. वडशाहून फ्रोजनची पाच पाकिटं आणली. दुकानदार म्हणाला, "किलोचं पाकीट, 440 रुपये." घरी आल्याबरोबर काट्यावर ठेवलं, किलोच भरलं. मन निश्चिंत.

शनिवारी सकाळी पाचही पाकिटं परातीत काढून ठेवली. अडीच तासांनी पाहते तर परातीत पाण्याचं तळं! निथळून वजन केलं तर साडेतीन किलोच्या आसपास. एका पाकिटाचं वेगळं केलं होतं, ते 702 ग्रॅम. म्हणजे किलोमागे 298 ग्रॅम पाणी. शेवटच्या दहा-बारा ताटांत तीन-तीन झिंगे वाढले. लोकं काही बोलले नाहीत, पण मला जेवण गेलं नाही त्या दिवशी.

दुकानदाराला बोलले तर म्हणे, "ताई, कंपनीचा माल आहे, बर्फ तं राहीनच." आता 440 रुपये किलोने मी नेमकं किती रुपये किलोने घेतलं? आणि त्याच्याशी भांडायचं तर कोणता आकडा घेऊन भांडू?

---

वऱ्हाडी_मास्तर (दर्यापूर) | सोमवार, रात्री 10:15

सरळ हिशोब आहे ताई. 30 टक्के पाणी निघालं ना, मग भावात 30 टक्के मिळवा. 440 चे 132. म्हणजे तुम्हाला 572 रुपये किलो पडले. ग्राहक आयोगात जा, नाहीतर 1915 वर फोन करा.

---

परतलेला_दर्यावर्दी (कारंजा घाडगे) | सोमवार, रात्री 11:05

दर्यावर्दी नावालाच आहे, बोटीवर कधी गेलो नाही. अकरा वर्षं वेरावळला झिंग्याच्या प्रोसेसिंग प्लांटात होतो, आता घरी शेती पाहतो. म्हणून लिहितो.

कढईवाली ताई, भांडायला जाण्याआधी थांबा. तुम्ही मोजलेल्या 298 ग्रॅममध्ये दोन वेगळी पाणी आहेत. एक झिंग्याच्या बाहेर होतं, दुसरं झिंग्याच्या आत. दुकानदाराशी भांडायचं ते फक्त बाहेरच्या पाण्यावर.

बाहेरचं म्हणजे ग्लेझ. प्लांटात झिंगा सुटा सुटा गोठवतात, तो दगडासारखा झाला की थंडगार पाण्यात बुडवून काढतात किंवा वरून फवारा मारतात. अंगावर पातळ काचेसारखा थर जमतो. हा थर फसवणुकीसाठी निघालेला नाही. डीप फ्रीजरची हवा फार कोरडी असते, उघडा झिंगा तिच्यात सुकतो, पांढरे डाग पडतात, रबरासारखा लागतो. थर असला की आधी तो बर्फ सुकतो आणि झिंगा वाचतो. या कामाला साधारण 5 ते 10 टक्के पुरतं. त्यापुढे बुडवायच्या फेऱ्या वाढवल्या की बर्फ झिंग्याच्या भावाने विकला जातो. 20 टक्के सर्रास दिसतं, 30-40 चाही माल मी हाताखालून घातला आहे. खोटं काहून बोलू.

आतलं पाणी वेगळं. गोठलेला झिंगा पूर्ण सुटला की मांसातून थोडं पाणी गळणारच. तुम्ही अडीच तास ठेवला, तेही या उन्हात, म्हणून दोन्ही पाणी एकत्र झाली.

आणि मुख्य गोष्ट. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात काय लिहिलं आहे ते वाचा. समोरचं नाही, मागचं.

---

पवनीचा_राजा | मंगळवार, सकाळी 7:20

आमच्याकडे गोसेखुर्दचा रोहू थर्माकोलच्या पेटीत येते, वर खाली बर्फ. तो बर्फ पण वजनात धरतेत का? मी तं काट्यावर मासा ठेवल्यावर वरचा बर्फ हाताने झाडाले लावतो.

---

परतलेला_दर्यावर्दी | मंगळवार, सकाळी 8:00

राजेहो, ते वेगळं. पेटीतला चुरा बर्फ ताज्या माशाला थंड ठेवायला असतो, माशाला चिकटलेला नसतो. झाडता ते बरोबरच करता. इथे बोलतोय ते अंगावर जमलेल्या कवचाबद्दल, ते झाडून निघत नाही.

---

कढईवाली | मंगळवार, दुपारी 1:30

दादा, एक रिकामं पाकीट कचऱ्यातून काढलं. समोर मोठ्ठा झिंगा आणि नाव, वजनाचा पत्ता नाही. मागे मोहरीएवढ्या अक्षरात: निव्वळ वजन 800 ग्रॅम, ग्लेझ 20 टक्के.

म्हणजे कंपनीने 800 च लिहिलं आणि दुकानदाराने किलो सांगितलं! आणि मी काट्यावर किलो पाहून खूश झाले.

---

वऱ्हाडी_मास्तर | मंगळवार, दुपारी 2:10

मग माझा आकडा सुधारतो. 20 टक्के ग्लेझ, 440 मध्ये 88 मिळवा, 528 रुपये किलो.

---

परतलेला_दर्यावर्दी | मंगळवार, दुपारी 2:45

मास्तर, इथेच सगळे घसरतात. मिळवायचं नाही, भागायचं.

ताईंनी 440 दिले आणि हातात आला 800 ग्रॅम झिंगा. 440 भागिले 0.8, म्हणजे 550 रुपये किलो. तुमचा आकडा ताडून पाहा. 528 रुपये किलोचा भाव असता तर 800 ग्रॅमचे 422 रुपये 40 पैसे झाले असते. ताईंनी 440 दिले. मधले 17 रुपये 60 पैसे कुठे गेले?

बर्फ जितका जास्त तितका हा फरक फुगतो. 40 टक्के ग्लेझवर मिळवून 616 येतात, भागून 733.

---

वऱ्हाडी_मास्तर | मंगळवार, दुपारी 3:05

मान्य. तीस वर्षं गणित शिकवलं आणि झिंग्याने पाडलं.

---

ढाबा_आर्णी_रोड | मंगळवार, दुपारी 4:30

ताई, माझा अनुभव सांगतो. माझ्याकडे दोन प्रकारचा माल येते. एक तुमच्यासारखाच, 440 चा. दुसरा 520 चा, त्याच्यावर निव्वळ वजन 1 किलो लिहून राहते. 520 वाला कोणी घेत नव्हतं, मीपण नाही. एक दिवस आचारी म्हणाला, मालक, महाग पाकीट जड लागते. काट्यावर ठेवलं तं पिशवी सोडून 1086 ग्रॅम! म्हणजे बर्फ वरचा वेगळा, किलो झिंगा पूर्ण. तेव्हापासून तोच आणतो. 520 ने 520 च पडते, आणि 440 वाला 550 ने.

---

परतलेला_दर्यावर्दी | मंगळवार, संध्याकाळी 6:40

ढाबेवाले भाऊंनी लाखाचं सांगितलं. पाकीट लिहिलेल्या वजनापेक्षा जड भरलं तर घाबरायचं नाही, तसंच भरायला पाहिजे. लिहिलेलं वजन बर्फ सोडून असतं.

आता घरी मोजायची रीत. प्लांटात असंच करायचो, भांडी फक्त वेगळी होती.

पाकीट फ्रीजरमधून काढल्याबरोबर पुसून वजन करा, नंतर रिकाम्या पिशवीचं वजन त्यातून वजा करा. पिठाची नाही, जरा मोठ्या भोकाची चाळणी घ्या. ती आधी ओली करून झटका आणि ओलीच काट्यावर ठेवून काटा शून्य करा. कोरडी ठेवाल तर चाळणीला चिकटलेलं पाणीही झिंग्यात मोजलं जाईल. मग झिंगे चाळणीत घालून थंड पाण्याच्या बारीक धारेखाली हाताने हलवत राहा. सुरुवातीला झिंगा गुळगुळीत, निसरडा लागतो. थर गेला की बोटांना खरखरीत लागतो, चमकही जाते. तेवढ्यात थांबा. चाळणी तिरपी धरून घड्याळ लावून दोन मिनिटं निथळू द्या, आणि वजन.

झिंगा या वेळी आतून दगडच असला पाहिजे. वाकवून पाहा. वाकला तर तुम्ही थराच्या पुढे गेलात आणि आतलं पाणी गळायला लागलं. तो आकडा घेऊन भांडायला गेलात तर दुकानदार बरोबर आणि तुम्ही चूक.

आपल्याकडची एक अडचण वेरावळला नव्हती. या दिवसांत आपल्या टाकीचं पाणी चहा करता येईल इतकं तापलेलं असतं. त्या नळाखाली झिंगा धराल तर मांसच सुटायला लागेल. माठाचं पाणी घ्या, तांब्याने हळूहळू ओता.

---

फ्रीजरवाला (आमगाव) | मंगळवार, रात्री 9:15

सगळे दुकानदाराच्या मागे लागलात म्हणून लिहितो. मीपण विकतो. नागपूरहून दहा पाकिटांचा बॉक्स येते, बिलावर "1 किलो गुणिले 10" असंच लिहून असते. ठोकवाला किलो म्हणते, आम्ही किलो म्हणतो. मागचं बारीक कोण वाचते?

आणि गिऱ्हाईक एक पाकीट फोडून पाव किलो मागते. काट्यावर बर्फासकट पाव किलो देतो. बर्फ कापून देऊ म्हटलं तं भाव सांगायचा 550, आणि बाजूचा 440 सांगते. कोण घेईन माझ्याकडून?

वरून लाईन. मे महिन्यात चार-चार तास जाते. थर जाड असला तं माल टिकते, पातळवाला पयले खराब होते. हेपण लिहा कोणीतरी.

---

कढईवाली | मंगळवार, रात्री 9:40

भाऊ, तुमची अडचण समजते. पण बिलावर किलो आणि पाकिटावर 800 असेल तर तुम्हालाही कोणीतरी फसवूनच राहिलं ना?

---

फ्रीजरवाला | मंगळवार, रात्री 9:55

फसवत असन. पण भाव पाकिटाचा ठरलेला असते, किलोचा नाही. त्यानं 800 लिहिलं तरी पैसे तेवढेच घेईन.

---

परतलेला_दर्यावर्दी | बुधवार, सकाळी 6:50

फ्रीजरवाले भाऊ, लाईनबद्दल अर्धं पटतं. थर वितळायला वेळ घेतो हे खरं. पण एकदा वितळला की परत गोठताना तो झिंग्यावर बसत नाही, पिशवीच्या तळाशी जमून ढेप होते. वरचे झिंगे उघडे, खालचे बर्फात गाडलेले. मग जाड थराचा फायदा उरत नाही, आणि त्या पाकिटातून अर्धं सुटं काढून विकलं की एकाला नुसता झिंगा, दुसऱ्याला नुसता बर्फ. सुटं घेणाऱ्यांनी हे पाहावं. झिंगे पिशवीत खडखड वाजले पाहिजेत. ढेप असेल तर वजनावर घेऊच नये.

पिशवीत भुरभुरा पांढरा बर्फ दिसला तर तोही ग्लेझ नाही. ते झिंग्याचं आणि थराचंच पाणी उडून बाहेर जमलेलं असतं. माल जुना आहे किंवा थंड-गरम होत राहिला आहे. असं पाकीट मोजायलाही घेऊ नका, आकडा फसवा येईल.

---

ढाबा_आर्णी_रोड | बुधवार, सकाळी 11:20

दादा, मागचा बॉक्स ढेपच आला होता. म्हणजे तेव्हा मी बर्फच तोलत होतो? आचाऱ्याला उगीच बोललो मग.

---

कढईवाली | गुरुवार, रात्री 10:20

काल तुमच्या रीतीने केलं. पिशवीसकट 1012, पिशवी 12, म्हणजे बरोबर 1000. माठाचं पाणी, ओली चाळणी, मुलगा मोबाईलवर दोन मिनिटं लावून उभा. बोटांना खरखरीत कधी लागेल याचं टेन्शन होतं, पण खरंच कळतं हो, साबणासारखं असतं ते अचानक खडबडीत होतं. वजन 782. झिंगा वाकवून पाहिला, कडक होता.

मग तेच झिंगे चाळणीत, खाली भांडं ठेवून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवले. आज सकाळी 718. म्हणजे बर्फ 218 आणि आतलं पाणी 64. पहिल्या वेळी 298 चा सगळा दोष बर्फावर टाकला होता मी.

आता सांगा, ऑर्डरीला कोणता आकडा धरू? आणि 64 ग्रॅम आतलं पाणी हे ठीक आहे का?

---

परतलेला_दर्यावर्दी | गुरुवार, रात्री 11:00

शाब्बास! दोन्ही आकडे ठेवा, पण कामं वेगळी.

दुकानदाराशी बोलायला 782. म्हणजे 440 भागिले 0.782, साधारण 563 रुपये किलो.

स्वयंपाकाच्या हिशोबाला 718. तुमच्या कढईत पडतो तो सुटलेला झिंगा. 440 भागिले 0.718, म्हणजे 613 रुपये किलो. ताटाला 100 ग्रॅम, पन्नास ताटं, 5000 भागिले 718, सात पाकिटं. तुम्ही पाच आणली होती. ताटाची किंमतही 44 रुपयांनी धरली असेल, ती 61 रुपये पडते.

64 ग्रॅमबद्दल. बर्फ काढलेल्या वजनाच्या 8 टक्के आहे. त्यातलं काही कोणत्याही गोठलेल्या झिंग्यातून निघतं. पण काही प्लांटात गोठवण्याआधी सोललेला झिंगा फॉस्फेटच्या पाण्यात भिजवतात, मग मांस पाणी धरून ठेवतं. थोडं भिजवणं कामाचं असतं, गोठल्यावर झिंगा कोरडा पडत नाही. जास्त भिजवला की ते पाणीही झिंग्याच्या भावाने विकलं जातं, आणि ते कोणत्याही चाळणीत दिसत नाही. शिजल्यावर झिंगा काचेसारखा अर्धपारदर्शक राहिला, दाताखाली कचकच रबर लागला, रश्शात आकसून निम्मा झाला तर संशय घ्या. घरी सिद्ध करता येत नाही. पाकिटावर घटकांमध्ये फॉस्फेट किंवा आयएनएस 451 असं काही आहे का पाहा.

---

पवनीचा_राजा | शुक्रवार, सकाळी 7:45

मंग बासाच्या पांढऱ्या तुकड्यांचं काय? ते तं पूर्ण बर्फातच राहते, आमच्या पोराले लय आवडते.

---

परतलेला_दर्यावर्दी | शुक्रवार, सकाळी 8:30

तीच रीत, फक्त चाळणीची गरज नाही. एक तुकडा थंड पाण्यात धरा, बोटाला खरखरीत लागला की काढा, कोरड्या कापडाने पुसा, लगेच वजन. तुकडा मोठा असतो म्हणून वजनाच्या मानाने त्याचं अंग कमी, थर कमी बसायला पाहिजे. बारक्या झिंग्याला अंग जास्त म्हणून त्याच बुडवणीत थर जास्त धरतो. त्यामुळे बासावर झिंग्याएवढा बर्फ निघाला तर ते मुद्दाम आहे असं मी तरी समजतो.

---

वऱ्हाडी_मास्तर | शुक्रवार, सकाळी 10:10

पण ताई, 800 लिहून 782 निघाले. 18 ग्रॅम कमी. ही तर लेखी चोरी झाली. वैधमापनवाल्यांकडे द्या अर्ज!

---

परतलेला_दर्यावर्दी | शुक्रवार, सकाळी 10:35

एका पाकिटावर नाही. चाळणी, पाणी, हात, सगळ्यात मिळून घरी 10-15 ग्रॅम इकडे-तिकडे होतात. अजून दोन पाकिटं मोजा. तिन्ही एकाच बाजूला पडली तर बोलू. आणि 20 टक्के या शब्दावर फार जाऊ नका. कोणी 20 टक्के एकूण वजनावर धरतो, म्हणजे हजारात 800 झिंगा. कोणी झिंग्यावर धरतो, म्हणजे हजारात 833. लिहिलेले ग्रॅम पाहा आणि मोजा.

---

कढईवाली | रविवार, संध्याकाळी 7:15

दोन पाकिटं अजून मोजली. एक 1006 चं 791 झालं, दुसरं 997 चं 777. तिन्ही 800 च्या खाली. सरासरी 783. मास्तर, तुमच्या अर्जाचा मजकूरही लिहायला घेतला होता.

मग नवरा म्हणाला, आपला काटा तरी बरोबर आहे का? भाजीवाल्या काकूंकडून शिक्क्याचं 500 ग्रॅमचं माप आणून ठेवलं. काटा दाखवतो 494.

---

परतलेला_दर्यावर्दी | रविवार, संध्याकाळी 7:50

नवऱ्याला माझ्याकडून एक चहा. काटा 500 चे 494 दाखवत असेल तर 783 चे खरे होतात 793 च्या आसपास. 7 ग्रॅमचा फरक आपल्या रीतीत बसतो. अर्ज राहू द्या.

पण गंमत बघा, टक्केवारी बदलली नाही. काटा दोन्ही वेळा सारखाच कमी दाखवत होता. तिन्ही पाकिटं मिळून 3003 वर 653 बर्फ, म्हणजे पावणे बावीस टक्के, काटा कसाही असो. तुमचा भाव मात्र जरा उतरला, 555 रुपये किलो.

---

वऱ्हाडी_मास्तर | रविवार, रात्री 8:20

म्हणजे कंपनी सुटली. मग किलो सांगून 800 देणारा दुकानदार?

---

कढईवाली | रविवार, रात्री 9:05

आज गेले होते त्याच्याकडे. पाकीट उलटं करून मागचं वाचायला दिलं. चष्मा लावून वाचलं त्याने, दोनदा. म्हणाला, "खरंच 800 च हो ताई." मग ठोकवाल्याला माझ्यासमोर फोन लावला. तिकडून काय उत्तर आलं कळलं नाही, फोन ठेवून म्हणाला पुढच्या खेपेला किलो निव्वळवाला माल मागवतो, पण भाव 520 पडेल. मी म्हटलं पडू द्या.

सुटं मात्र तो बर्फासकटच विकणार म्हणे.

---

फ्रीजरवाला | रविवार, रात्री 9:30

सुट्याचं मीपण सोडू शकत नाही ताई. ज्याला पाव किलो पाहिजे त्याला निव्वळ 250 ग्रॅम देण्यासाठी दुकानात माठ ठेवू का?

---

ढाबा_आर्णी_रोड | सोमवार, सकाळी 6:40

ठेवा ना भाऊ. या उन्हात गिऱ्हाईकाला प्यायले तरी होईन.